हँडलबारवरचा फोन आणि फोंडा घाटात वळवळणारे खांब: एका व्हिडिओची तपासणी

कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरून कणकवलीला जाणारा रस्ता दुचाकीवाल्यांच्या आवडीचा. आमच्या गल्लीतला एक मुलगा दीडशे सीसीची, एका सिलिंडरची मोटरसायकल घेऊन तिकडे गेला. फोन हँडलबारला क्लॅम्पने आवळून बसवलेला, फोरके, सेकंदाला ३० फ्रेम, लख्ख ऊन. परत आल्यावर क्लिपा माझ्या एडिटिंगच्या टेबलावर आल्या. रस्त्याकडेचे विजेचे खांब नागमोडी वळवळत होते. लांबचा डोंगर खरवसाच्या वडीसारखा थुलथुलत होता. गावाच्या पाटीवरची अक्षरं वरच्या ओळीत चेपलेली आणि खालच्या ओळीत ताणलेली दिसत होती.

"दादा, स्टॅबिलायझेशन लावलं की जाईल ना हे?" असं त्याने विचारलं. बहुतेकांची समजूत हीच असते. कॅमेरा हलला म्हणून चित्र हललं, तर सॉफ्टवेअरने ते धरून ठेवावं. पण इथे प्रत्येक फ्रेम आतल्या आत वाकलेली होती. पूर्ण फ्रेम उचलून इकडेतिकडे सरकवल्याने वाकलेला खांब सरळ होत नाही. उलट आजूबाजूचं चित्र स्थिर झालं की त्यावरची लाट जास्तच डोळ्यात खुपते. एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरमधलं विडस्टॅब हे स्टॅबिलायझेशन लावून त्याला हे समोरच दाखवलं. क्लिप आधीपेक्षा वाईट दिसायला लागली.

कारण सेन्सरच्या वाचनात आहे. फोनचा सेन्सर पूर्ण चित्र एका क्षणात टिपत नाही. तो वरची ओळ वाचतो, मग तिच्या खालची, असं करत तळापर्यंत जातो. यालाच रोलिंग शटर म्हणतात. सगळ्यात वरची ओळ आणि सगळ्यात खालची ओळ यांच्यात काही मिलिसेकंदांचा फरक पडतो. त्याला या लेखापुरतं वाचनवेळ म्हणू. या वेळात कॅमेरा एका दिशेने सावकाश वळला तर उभ्या रेषा एका बाजूला कलतात. पण तेवढ्याच वेळात कॅमेरा डावीकडे जाऊन उजवीकडे आला तर वरच्या ओळींना खांब एकीकडे दिसतो, मधल्या ओळींना दुसरीकडे, आणि खांबाचा नाग होतो. कॅमेरा वरखाली हलला तर खांब वाकत नाही, पण पाटीवरची अक्षरं कुठे ताणली जातात, कुठे दबतात. त्या मुलाच्या क्लिपमध्ये दोन्ही होतं, म्हणजे फोन दोन्ही दिशांना थरथरत होता.

उपाय शोधायच्या आधी दोन आकडे हातात हवेत: या फोनचा वाचनवेळ किती आणि थरथर सेकंदाला किती वेळा होते. दोन्ही घरबसल्या काढता येतात.

वाचनवेळासाठी आपल्याकडची वीज उपयोगी पडते. आपला पुरवठा ५० हर्ट्झचा आहे आणि प्रत्येक आवर्तनात व्होल्टेज दोनदा शिखरावर जातं. त्यामुळे जुन्या तांब्याच्या चोकची ट्यूब किंवा स्वस्तातला एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. म्हणजे एका उजेडापासून पुढच्या उजेडापर्यंत बरोबर १० मिलिसेकंद. पांढऱ्या भिंतीवर असा उजेड पाडायचा, फोन आडवा धरायचा, मॅन्युअल कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये शटर १/२००० ला कुलूपबंद करायचं आणि भिंतीचा व्हिडिओ घ्यायचा. चित्रावर आडवे काळे पट्टे उमटतात. चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी असेल तर पट्टे येणारच नाहीत, तेव्हा अडगळीतला जुना दिवा शोधावा. ज्या मोडमध्ये प्रत्यक्ष शूटिंग करायचं त्याच मोडमध्ये ही चाचणी घ्यायची आणि स्टॅबिलायझेशन बंद ठेवायचं. नाहीतर फोन आतल्या आत चित्र कापून ताणतो आणि आकडा चुकतो.

क्लिपमधली एक फ्रेम वेगळी काढण्यासाठी एवढं पुरतं:

```
ffmpeg -ss 00:00:03 -i bhint.mp4 -frames:v 1 patte.png
```

त्याच्या फोनच्या फोरके ३० मोडमध्ये एका काळ्या पट्ट्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर ११४० ओळी भरलं. एकूण ओळी २१६०. म्हणजे ११४० ओळी वाचायला १० मिलिसेकंद, तर २१६० ओळी वाचायला सुमारे १९ मिलिसेकंद. फुल एचडी ६० मोडमध्ये मोजलं तेव्हा पट्ट्यांमधलं अंतर जवळपास पूर्ण फ्रेमएवढं निघालं, म्हणजे वाचनवेळ १० मिलिसेकंदांच्या आसपास. एकाच फोनमध्ये मोड बदलला की हा आकडा असा बदलतो. नेटवर कुणी अमुक फोनचा वाचनवेळ तमुक आहे असं लिहिलं असेल तर तो कुठल्या मोडमधला हे आधी पाहावं.

आता थरथरीचा वेग. घाटाच्या क्लिपमधून अशी फ्रेम काढली की जवळचा खांब वरपासून खालपर्यंत दिसतोय. त्यावरच्या लाटेचा एक फुगवटा आणि त्याच बाजूचा पुढचा फुगवटा यांच्यातलं अंतर साधारण १५०० ओळी. ११४० ओळींना १० मिलिसेकंद, तर १५०० ओळींना १३ पेक्षा थोडे जास्त. म्हणजे सेकंदाला ७५-७६ थरथरी. याला ६० ने गुणलं की मिनिटाला साडेचार हजार. मी त्याला विचारलं, "त्या टायमाला काट्यावर किती आरपीएम होते?" तो म्हणाला, "चौथ्या गियरला होतो, साडेचारच्या आसपासच असणार." एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनच्या जाण्यायेण्याचा मुख्य धक्का क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यागणिक येतो, त्यामुळे हा हिशेब थेट जुळतो. रस्त्याचे खड्डे, वारा, सैल क्लॅम्प यांची थरथर याहून बरीच सावकाश असते. एका फ्रेममध्ये अख्खी लाट किंवा त्याहून जास्त दिसली तर इंजिनवर संशय घ्यायला हरकत नाही.

याच हिशेबातून आणखी एक कोडं सुटलं. क्लिपच्या काही भागांत खांब वेड्यासारखे फडफडत होते, तर काही ठिकाणी ते वाकडे होते पण वाकडेपणा जागच्या जागी थिजलेला होता. दोन फ्रेममध्ये १/३० सेकंदाचं अंतर असतं. ७५ हर्ट्झला तेवढ्या वेळात अडीच लाटा होतात, म्हणून प्रत्येक पुढच्या फ्रेममध्ये लाट उलटी पडते आणि चित्र थरथरतं. इंजिन ५४०० फेऱ्यांवर गेलं की ९० हर्ट्झ, म्हणजे दोन फ्रेममध्ये नेमक्या तीन लाटा. तेव्हा प्रत्येक फ्रेममध्ये लाट त्याच जागी येते आणि खांब मुळातच वाकडा बसवल्यासारखा दिसतो. फेरे किंचित कमीजास्त झाले की तीच लाट खांबावरून हळूहळू सरकते. ही सरकती लाट पाहून लेन्स सैल झाली असं वाटून फोन दुकानात नेणारे लोक मी पाहिलेत.

इथपर्यंत आलं की सगळ्यात प्रचलित सल्ला तपासता येतो: "६० फ्रेमवर शूट कर, जेली जाते." जेली म्हणजे हाच चित्राचा थुलथुलीतपणा. कॅमेरा सावकाश वळताना खांब कलतो ती तक्रार असेल तर हा सल्ला खरा आहे. समजा कॅमेरा सेकंदाला ६० अंश या वेगाने फिरवला. १९ मिलिसेकंदांत तो १.१ अंशाच्या थोडा वर फिरतो. मुख्य कॅमेऱ्याला फोरकेमध्ये एका अंशाला सुमारे ४८ पिक्सेल पडतात, म्हणजे खांबाचा तळ शेंड्यापेक्षा ५५ पिक्सेल सरकतो. वाचनवेळ १० मिलिसेकंद केला की हा कल निम्म्यावर येतो. पण ७५ हर्ट्झच्या थरथरीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला फक्त ६.७ मिलिसेकंद लागतात. १० मिलिसेकंदांत ती पूर्ण हेलकावा घेतेच. वाचनवेळ कमी केल्याने लाटा संख्येने कमी होतात, लांब होतात, पण त्यांची उंची तेवढीच राहते. त्या मुलाने ६० फ्रेमवर घेतलेल्या क्लिपमध्ये खांबाचा नाग जाऊन धनुष्य झालं होतं, इतकाच फरक.

मग लाटेची उंची ठरते कशावरून? इथे थोडं थांबायला हवं, कारण खर्च कशावर करायचा ते यावरच अवलंबून आहे. त्या खांबाचा हेलकावा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १४ पिक्सेल होता. फोन नुसता एक मिलिमीटर बाजूला सरकला तर २० मीटरवरच्या खांबावर त्याचा परिणाम पिक्सेलच्या छोट्या हिश्श्याएवढा असतो आणि कित्येक किलोमीटरवरच्या डोंगरावर काहीच नाही. डोंगर हलतोय त्या अर्थी फोन सरकत नव्हता, तो कोनात डोलत होता. १४ पिक्सेल म्हणजे जेमतेम पाव अंशाहून थोडा जास्त. हँडलबारपासून वर काढलेला लांब दांडा, चेंडूसारखा सांधा आणि टोकाला २०० ग्रॅमचा फोन असा जुगाड असला की एवढं डोलणं सहज होतं. क्लॅम्प महाग आहे की स्वस्त यापेक्षा दांडा किती आखूड आहे हे जास्त महत्त्वाचं.

पण दुसराही एक संशयित आहे. मुख्य कॅमेऱ्यात लेन्स किंवा सेन्सर लोहचुंबकांच्या आधाराने तरंगता ठेवलेला असतो. हात थरथरला की तो उलट्या दिशेने सरकून चित्र स्थिर ठेवतो. यालाच ओआयएस म्हणतात. ही यंत्रणा हाताच्या सावकाश थरथरीसाठी बनवलेली आहे. इंजिनचा धक्का बसला की तो तरंगता भाग स्वतःच हिंदकळतो आणि फोन कोनात हलला नाही तरी चित्र हलतं. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या मदतपानावर जाहीर केलं होतं की जास्त ताकदीच्या मोटरसायकलींच्या इंजिनची तीव्र कंपनं दीर्घकाळ बसली तर ओआयएस आणि ऑटोफोकसची यंत्रणा बिघडू शकते. अशा गाडीला आयफोन बांधू नये आणि मोपेड, स्कूटरला बांधायचाच झाला तर कंपनं शोषणारा माउंट वापरावा, असं त्यात सुचवलेलं आहे. तशीच तरंगती यंत्रणा इतर कंपन्यांच्या फोनमध्येही असते, तेव्हा ही सूचना अँड्रॉइडवाल्यांनीही मनावर घ्यावी.

दोघांपैकी दोषी कोण हे ओळखायची सोपी चाचणी आहे. बऱ्याच फोनमधल्या अल्ट्रावाइड कॅमेऱ्याला ओआयएस नसतं. आपल्या फोनचं तपशीलपत्रक पाहून खात्री करावी. त्याची लेन्स साधारण दुप्पट रुंद पाहते, म्हणून एका अंशाला ४८ ऐवजी २४ च्या आसपास पिक्सेल पडतात. फोन तसाच बांधून, त्याच गियरमध्ये, त्याच फेऱ्यांवर अल्ट्रावाइडने शूट करायचं. हेलकावा बरोबर निम्मा झाला तर दोष पूर्णपणे माउंटचा. जवळपास नाहीसा झाला तर ओआयएसचा. या फोनवर १४ चे ३ पिक्सेल झाले. नुसत्या भूमितीने ते ७ व्हायला हवे होते. म्हणजे मूळ १४ पैकी साधारण ६ माउंटच्या डोलण्याचे आणि उरलेले ८ तरंगत्या लेन्सचे. नवा भक्कम क्लॅम्प आणून मुख्य कॅमेराच वापरला असता तर अर्ध्याहून जास्त जेली तशीच राहिली असती.

आधीच शूट झालेल्या क्लिपांचं काय? त्या मी तीन ढिगांत लावल्या.

पहिल्या ढिगात गाडी थांबवून, फोन क्लॅम्पमधून काढून हाताने फिरवलेली दृश्यं होती. यात खांब कलले होते, लाटा नव्हत्या. हे दुरुस्त होतं. मात्र आधी एक काम: फोन बहुधा फ्रेमचा वेग अगदी एकसारखा ठेवत नाही, उजेडाप्रमाणे कमीजास्त करतो. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला त्याने गोंधळायला होतं, म्हणून क्लिप आधी ठरावीक वेगावर आणावी:

```
ffmpeg -i ghat.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 16 -c:a copy ghat30.mp4
```

मग आफ्टर इफेक्ट्समध्ये किंवा प्रीमियरमध्ये Rolling Shutter Repair हा इफेक्ट. त्यात Rolling Shutter Rate म्हणून टक्केवारी मागतात. दोन फ्रेममधल्या वेळाच्या किती टक्के वेळ वाचनात जातो, असा त्याचा अर्थ. डीफॉल्ट ५० असतं आणि लोक स्लायडर अंदाजाने सरकवत बसतात. आपल्याकडे भिंतीवरून काढलेला आकडा आहे: १९ भागिले ३३.३, म्हणजे ५७ टक्के. तो टाकला आणि खांब उभे झाले. हा इफेक्ट नेहमी स्टॅबिलायझेशनच्या आधी आणि क्रॉप, झूम करण्याच्याही आधी लावायचा, कारण त्याला फ्रेममधली प्रत्येक ओळ मूळ जागेवर हवी असते. फोनमध्येच स्टॅबिलायझेशन चालू ठेवून शूट केलेली क्लिप असेल तर फोनने आपलं फिरणं मोजणाऱ्या जायरोच्या आधारे ही दुरुस्ती बहुधा आधीच केलेली असते. तिच्यावर पुन्हा ५७ टक्के लावले तर खांब उलट्या बाजूला कलतात. तसं दिसलं की इफेक्ट काढून टाकावा.

दुसऱ्या ढिगात दाजीपूरच्या जंगलातले, दाट सावलीतले तुकडे होते. इंजिन तेच, माउंट तोच, पण लाटा स्पष्टपणे कमी. याचं कारण पुढे येतंय, आणि या प्रकरणातला सगळ्यात कामाचा धागा तोच आहे. यांच्यावर Warp Stabilizer लावलं, पद्धत Subspace Warp ठेवली, Smoothness अगदी कमी आणि Advanced मधल्या Rolling Shutter Ripple ला Enhanced Reduction दिलं. उरलीसुरली लाट बऱ्यापैकी बसली. झाडांच्या फांद्या फ्रेमच्या कडेला किंचित वितळल्यासारख्या दिसतात, पण फुल एचडीत ते खपून जातं.

तिसरा ढीग उन्हातला, म्हणजे सगळ्यात देखण्या दृश्यांचा. तो सुटला नाही. सॉफ्टवेअर दोन फ्रेम शेजारी ठेवून हालचाल ओळखतं. सेकंदाला ३० नमुने घेऊन ७५ हर्ट्झची थरथर ओळखता येत नाही, मधल्या अडीच लाटा त्याच्या हातून निसटतात. Rolling Shutter Repair ला वाटतं की कॅमेरा एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत एकाच संथ गतीने सरकला, आणि त्या अंदाजावर तो ओळी सरकवतो. इंजिनच्या लाटेवर हा अंदाज साफ चुकतो. पद्धत Pixel Motion केली तर रस्त्याकडेचं गवत फाटल्यासारखं दिसतं.

"मग जायरोचा डेटा वापरून होत नाही का?" हा प्रश्न त्या मुलाने बरोबर विचारला होता. जायरोफ्लो हे मोफत सॉफ्टवेअर फोनच्या जायरोची नोंद घेऊन प्रत्येक ओळ वेगळी दुरुस्त करू शकतं, आणि त्यात Frame readout time च्या रकान्यात आपले १९ थेट टाकता येतात. पण त्याने शूटिंगच्या वेळी जायरोची नोंद ठेवणारं ॲप लावलेलं नव्हतं, त्यामुळे या क्लिपांसाठी तो दरवाजा बंद. पुढच्या वेळी लावलं तरी मर्यादा आहे. अँड्रॉइड १२ पासून, ॲपने खास परवानगी घेतलेली नसेल तर जायरोची वाचनं सेकंदाला २०० वर अडवली जातात. ७५ हर्ट्झच्या लाटेला त्यातून तीनसुद्धा नमुने मिळत नाहीत. त्याहून मोठी अडचण ओआयएसची. जायरो फोनचं फिरणं मोजतो, आतल्या लेन्सचं हिंदकळणं त्याला कळतच नाही. इथे तर अर्ध्याहून जास्त लाट लेन्सची होती.

आता सावलीचं गुपित. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला ॲपर्चर बारीक करता येत नाही, तो एफ १.८ च्या आसपास कायमचा उघडा. कडक उन्हात, आयएसओ ५० वर, उजेड आवरण्यासाठी शटर १/४००० पर्यंत पळतं. म्हणजे प्रत्येक ओळ थरथरीचा एक अतिशय पातळ काप घेते आणि खांब धारदारपणे वाकडा उमटतो. सावलीत शटर १/१२० वर आलं की प्रत्येक ओळ ८ मिलिसेकंद उघडी राहते, म्हणजे अर्ध्याहून जास्त लाट तिच्यात मिसळते, आणि वाकडेपणा साधारण निम्मा होतो. शटर १/६० केलं तर ओळ लाटेपेक्षाही जास्त वेळ उघडी राहते. डावीकडचा खांब, मधला खांब, उजवीकडचा खांब सगळे एकाच ओळीत मिसळतात, आणि लाटेची उंची ७५ हर्ट्झला पाचव्या हिश्श्याच्या आसपास येते. ती थरथर नाहीशी होत नाही, तिचं रूपांतर कडांच्या किंचित धूसरपणात होतं. डोळ्याला वाकडा खांब लगेच खटकतो, पण पळत्या रस्त्यावरची थोडी धूसर कड तो सहज माफ करतो. ड्रोन उडवणारे लेन्सवर उजेड कमी करणारे एनडी फिल्टर लावतात त्यामागे सिनेमॅटिक दिसण्याइतकंच हेही कारण आहे.

म्हणून दुसऱ्या फेरीला त्याने अशी तयारी केली. दांडा काढून टाकून क्लॅम्प थेट हँडलबारच्या मध्याजवळ आखूड बसवला. फोन आणि क्लॅम्प यांच्यामध्ये चार रबरी बुशांचा डॅम्पर. कॅमेरा अल्ट्रावाइड, म्हणजे ओआयएसचा प्रश्नच मिटला. मॅन्युअल ॲपमध्ये शटर १/६० ला कुलूपबंद, आयएसओ मोकळा सोडलेला, म्हणजे सावलीत उजेड कमी झाला की आयएसओ वाढेल पण शटर हलणार नाही. वर चिमट्याने बसणारा एनडी फिल्टर. अल्ट्रावाइडचं ॲपर्चर थोडं बारीक, एफ २.२ च्या आसपास, म्हणून कडक उन्हात शटर १/२६०० च्या घरात जातं. तिथून १/६० वर यायला उजेड साधारण ४४ पटीने कमी करावा लागतो. एनडी ३२ थोडा अपुरा पडतो, चित्र जरा जास्त उजळ येतं. एनडी ६४ लावून आयएसओ किंचित वाढू देणं बरं. फिल्टरच्या कडीचे कोपरे रुंद लेन्समध्ये काळे दिसतात, तेवढी कड एडिटमध्ये कापायची हे आधीच धरून फ्रेम लावायची.

परत आलेल्या क्लिपमध्ये त्याच चौथ्या गियरमध्ये खांब सरळ होते. फ्रेम थांबवून दोनशे टक्के मोठी केली तर कडेला दोनेक पिक्सेलचा धूसरपणा दिसतो. डोंगर जागेवर. खड्ड्यांचे धक्के मात्र तसेच होते. ते सावकाश असतात, आणि Warp Stabilizer च्या आवाक्यातले असतात. त्यातही एक पथ्य पाळावं लागतं: १/६० च्या शटरने मोठ्या धक्क्याला फ्रेम पुसट होते आणि चित्र स्थिर केल्यावर ती पुसट फ्रेम जागच्या जागी लुकलुकते. अशा फ्रेम असलेला तुकडा कापून पुढे जाणं सोपं पडतं.

डॅम्परबद्दल विक्रेते सांगत नाहीत अशी एक गोष्ट आहे. रबर स्वतःच्या नैसर्गिक वेगापेक्षा साधारण दीडपटीहून वेगवान कंपनंच अडवतं. त्या वेगाच्या आसपासची कंपनं ते उलट वाढवतं. मऊ बुशांवर बसलेला फोन सेकंदाला वीसेक वेळा डुलायला तयार असतो. धावताना इंजिन ७५ हर्ट्झवर असतं तेव्हा रबर उत्तम काम करतं. पण गाडी न्यूट्रलला बाराशे-पंधराशे फेऱ्यांवर उभी राहिली की इंजिन २० ते २५ हर्ट्झवर येतं, नेमकं रबराच्या आवडीच्या वेगावर. राधानगरीत चहाला थांबल्यावर गाडी चालू ठेवलेली होती तो भाग आधीच्या फेरीपेक्षा जास्त थुलथुलीत आला. वेग इतका कमी असल्यामुळे १/६० चं शटरही तिथे फारसं पुसून काढत नाही. कडक बुश घेतले तर न्यूट्रलचा त्रास कमी होतो, पण धावतानाचं संरक्षणही घटतं. त्याने मऊच ठेवले आणि गाडी थांबली की रेकॉर्डिंग बंद करतो.

छातीला पट्ट्याने फोन बांधून घेतलेली एक क्लिपही त्याने आणली होती. तिच्यात इंजिनची लाट औषधालाही नाही, माणसाचं शरीर ७५ हर्ट्झची थरथर मधल्या मधे गिळून टाकतं. मुख्य कॅमेरा, ओआयएस चालू, कुठलाही डॅम्पर नाही, तरी खांब सरळ. तांत्रिकदृष्ट्या मला तीच क्लिप सगळ्यात चांगली वाटली. पण त्याला फ्रेममध्ये स्पीडोमीटर हवा होता आणि छातीवरून तो त्याच्याच हातमोज्यांआड जात होता. शिवाय पट्ट्यात फोन उभा बसवलेला होता. उभ्या फोनमध्ये सेन्सर ओळी वरून खाली न वाचता एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे वाचतो, त्यामुळे बाजूला वळताना खांब कलत नाहीत, सगळं दृश्य आडवं ताणलं किंवा आक्रसलं जातं. रील करणाऱ्यांनी आपली भिंतीची चाचणी फोन उभा धरून घेतली तर पट्टे उभे दिसतील आणि अंतर ओळींऐवजी रकान्यांत मोजावं लागेल. बाकी गणित तेच.